रुपयांचा रकाना नसलेला हिशेब: वाढदिवसाचं दुखणं जोडीदाराला कसं सांगावं

लग्नानंतरच्या तिसऱ्या वाढदिवसाला यांनी मला 3,500 रुपयांची साडी आणली आणि ती हातात घेऊन मला रडू आलं. यांना वाटलं रंग आवडला नाही. उद्या बदलून आणतो म्हणाले. मी मान हलवली, तेव्हा जरा चिडूनच म्हणाले, "मग किती हजारांची आणायला पाहिजे होती?"

त्या एका प्रश्नात सगळा घोळ होता. माझं दुखणं साडीच्या किमतीशी नव्हतंच. माझा वाढदिवस 24 जूनला असतो. त्या दिवशी रात्री नऊ वाजता माझ्या भावाचा फोन आला, तेव्हा यांना आठवलं. साडी आली ती 25 तारखेच्या संध्याकाळी, यांच्या खत-बियाण्यांच्या दुकानातल्या पोराला पाठवून. आणि मी त्याच वर्षी यांच्या वाढदिवसाला तीन आठवडे खपून, सासऱ्यांचा पहिल्या दुकानासमोरचा जुना फोटो शोधून, स्टुडिओतून साफ करून घेऊन, फ्रेम करून दिला होता. खर्च 350 रुपये. म्हणजे किमतीने पाहिलं तर यांनी माझ्या दहापट केलं होतं. मला दुखत होतं ते दुसरंच, आणि ते सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते.

आमच्याकडे, लातूर जिल्ह्यात, नवीन लग्न झालेल्या मुली मला हे हळू आवाजात विचारतात. "सांगायला लाज वाटते ताई, वस्तूसाठी रुसले असं होईल." मुलंही विचारतात, कमी, पण विचारतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. नवरा-बायकोसाठी लिहिलंय, पण लग्न ठरलेल्या किंवा अजून न ठरलेल्या जोडप्यांनाही चालेल.

आधी कागदावर: नेमकं काय दुखतं

बोलायच्या आधी एक कागद घ्या आणि मागच्या दोन वर्षांतले आपल्या दोघांचे दिवस लिहा: तुमचा वाढदिवस, जोडीदाराचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस. दोन वर्षांचे मिळून सहा दिवस होतात. प्रत्येक दिवसापुढे चार गोष्टी लिहायच्या. दिवस किती आधी आठवला. ठरवलं कोणी. धावपळ कोणी केली. आणि जे केलं त्यात समोरच्याची आवड होती, की कुणालाही चाललं असतं असं काही होतं. किमतीचा रकाना काढायचा नाही. काढलात तर बाकीचे चार रकाने कोणी वाचणार नाही, तुम्हीसुद्धा.

माझ्या कागदावर यांच्या वाढदिवसापुढे लिहिलं होतं: वीस दिवस आधी, मी, मी, हो. माझ्या वाढदिवसापुढे: त्याच रात्री, भावाने आठवण केली, दुकानातला पोरगा, कुणालाही चालली असती. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा कळलं की मला साडी नको होती, फुलं नको होती, बाहेर जेवायलाही नको होतं. मला आधीचे दिवस पाहिजे होते. 24 जूनच्या आधी कुठल्या तरी दिवशी, युरियाच्या पावत्या फाडताना, यांच्या मनात एकदा येऊन जावं की हिचा दिवस जवळ आला. तुमच्या कागदावर दुसरंच निघेल. कुणाला चार लोकांत नाव घेतलं नाही म्हणून दुखतं. कुणाला दरवर्षी स्वतःच केक सांगावा लागतो, त्याचं दुखतं. जे निघेल ते एका वाक्यात लिहून काढा. एका वाक्यात बसत नसेल तर अजून बोलायची वेळ आलेली नाही.

कागदाला एक पाचवी ओळ जोडा आणि ती कोरी सोडा. तिथे जोडीदाराने केलेलं, पण तुम्हाला न दिसलेलं लिहायचं असतं. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या संशोधकांनी 1979 मध्ये एक साधी गोष्ट करून पाहिली. जोडप्यांना वेगवेगळं बसवून घरातल्या कामांतला आपापला वाटा विचारला. दोघांचे वाटे मिळवले तर बहुतेक जोडप्यांत बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. कोणी खोटं बोलत नव्हतं. स्वतः केलेलं काम आपल्याला चटकन आठवतं, दुसऱ्याचं आठवत नाही, एवढंच. माझ्या कोऱ्या ओळीत नंतर एक गोष्ट भरली गेली. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, 11 मे रोजी, यांनी माझ्या स्कूटीचे ब्रेक नवीन टाकून घेतले होते, कारण दुसऱ्या दिवशी मी तिच्यावरून माहेरी जाणार होते. मला सांगितलंही नव्हतं. म्हणून मी म्हणते, ओळ कोरी ठेवाच. तुम्ही आरोपपत्र घेऊन बसलेले नाही, अर्धा हिशेब घेऊन बसलेले आहात. उरलेला अर्धा समोरच्याकडे आहे.

दिवस निवडणं

वाढदिवसाच्या रात्री बोलू नका. मी बोलले होते. त्या रात्री मी म्हणाले होते, "तुम्हाला गावागावाचा पाऊस पाठ असतो, बायकोचा वाढदिवस लक्षात राहत नाही." यांचं कृषी सेवा केंद्र आहे. मृग लागला की सकाळी सहापासून दुकानासमोर माणसं उभी असतात, आणि हे प्रत्येकाला सांगत असतात की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, दुबार पेरणीची पाळी येईल. त्यांना खरंच प्रत्येक शिवारातला पाऊस पाठ असतो, कारण त्यावर लोकांचं वर्ष अवलंबून असतं. मी त्यांच्या सगळ्यात चांगल्या गुणाला टोमणा बनवलं. ते गप्प झाले आणि दुसऱ्या दिवशी साडी आली. म्हणजे मी दुःख सांगितलं आणि त्यांनी दंड भरला.

त्या दिवशी जखम ताजी असते आणि समोरच्याला चूक सुधारायला वेळच उरलेला नसतो. घाईघाईत जे सुचतं ते विकत आणणंच असतं. म्हणून बोलायचा दिवस पुढच्या तारखेच्या निदान महिना-दोन महिने आधीचा धरा, आणि जोडीदाराच्या कामाचा मोसम पाहून धरा. कृषी दुकानदाराला जून-जुलैत धरू नका, सोयाबीनच्या काढणीत शेतकऱ्याला धरू नका, ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरवाल्याला, मार्चएंडला पतसंस्थेतल्या माणसाला, दहावी-बारावीच्या परीक्षेत मास्तरांना धरू नका. आमच्याकडे एप्रिल बरा. मार्चचा हिशेब संपलेला असतो आणि खरिपाचा माल अजून यायचा असतो.

जागेचा प्रश्न खरा अवघड. एकत्र घरात दोघांना निवांत बोलायला कोपरा सापडत नाही, आणि सासूबाईंसमोर ही गोष्ट काढली की ती नवरा-बायकोची राहत नाही. गाडीवर मागे बसून बोलू नका, चेहरा दिसत नाही आणि वाऱ्यात अर्धं ऐकू येतं. व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको. लिहिलेलं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं जातं आणि दर वेळी थोडं जास्त कडू लागतं. शेताकडे चालत जाता येत असेल तर उत्तम. आम्हाला गच्ची सापडली. एप्रिलमध्ये संध्याकाळी गच्चीवर पाणी मारावं लागतं, नाहीतर रात्री झोपता येत नाही. मी बादलीने पाणी मारत होते, हे बाजा टाकत होते. फरशीतून वाफ निघत होती. तेव्हा मी सुरुवात केली.

पहिली तीन वाक्यं

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण गोष्ट इथेच सुधारते किंवा बिघडते. सिबिल कॅरेर आणि जॉन गॉटमन यांनी 124 नवविवाहित जोडप्यांच्या भांडणाचा अभ्यास करून 1999 मध्ये लिहिलं की पहिल्या तीन मिनिटांतला सूर पाहूनही जोडप्याच्या पुढच्या वाटचालीचा बराच अंदाज येतो. तीन मिनिटं म्हणजे मोजकीच वाक्यं. त्यातली पहिली तीन तरी घरून पाठ करून जा. त्यात लाज कसली? शाळेत भाषण पाठ करायचोच की.

पहिल्या वाक्यात एकच घडलेली गोष्ट, तारखेसकट. दुसऱ्यात मला काय वाटलं. तिसऱ्यात मला काय नको आणि काय पाहिजे. मी म्हणाले ते असं:

"अहो, मागच्या 24 जूनला रात्री दादाचा फोन आला तेव्हा तुम्हाला माझा वाढदिवस आठवला. मला त्या दिवशी फार एकटं वाटलं, जसं काही मी या घरात नुसती आहे, कुणाच्या मनात नाही. मला साडी नको, महाग काही नको, मला असं पाहिजे की तुम्ही आधी दोन दिवस तरी माझा विचार केलेला असावा."

एकमेकांना अरे-तुरे करणारे असाल तर हेच वाक्य तसं करा: "मागच्या वाढदिवसाला हॉटेल मीच बुक केलं, केकही मीच सांगितला. मला ते करताना वाईट वाटलं रे. यंदा पैसे कितीही कमी लागू देत, पण ठरवायचं काम तू कर."

यातून कुठले शब्द काढले ते बघा. "नेहमी", "कधीच", "दरवेळी" नाहीत. हे शब्द आले की समोरचा तुमचं दुःख ऐकणं सोडून अपवाद शोधायला लागतो, आणि अपवाद त्याला सापडतोच. "तुम्हाला काही पडलेलं नाही" नाही, कारण तो त्याच्या मनाबद्दलचा निकाल आहे आणि तो द्यायचा अधिकार तुम्हाला नाही. जाऊबाईंचा नवरा, मैत्रिणीचं स्टेटस, बहिणीला मिळालेलं मंगळसूत्र यांतलं काही नाही. तुलना आली की किंमत मागच्या दाराने घरात येते, कारण स्टेटसवर मेहनत दिसत नाही, वस्तूच दिसते.

आणि एक सवय आजपासून सोडा. "काय आणू तुला?" असं विचारल्यावर "मला काही नको" म्हणायची. आपल्या आया असंच म्हणत आल्या. त्यांना खरंच कुणी काही आणणारं नव्हतं, म्हणून त्या म्हणत. आपण म्हणतो ते परीक्षा घ्यायला, आणि ज्याला परीक्षा आहे हेच माहीत नाही तो नापास होणारच. सांगून केलं तर त्यात काय गोडी, असं मलाही वाटायचं. पण सांगावं लागतं ते दिशा दाखवण्यापुरतं. पुढचं चालणं त्याचंच असतं, आणि गोडी त्या चालण्यात असते.

"म्हणजे तुला महागडं पाहिजे"

हे उत्तर बहुतेक येतंच, तिसऱ्या वाक्यात नको म्हटलं असलं तरी. चिडू नका. देणारा माणूस खरोखर असाच विचार करतो. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल ॲडम्स यांनी 2009 मध्ये दाखवलं की देणाऱ्याला वाटतं जितकी महाग भेट तितका आनंद जास्त, पण घेणाऱ्याच्या आनंदाचा किमतीशी तसा संबंध सापडला नाही. त्यांनी साखरपुड्याच्या अंगठ्यांबद्दलही विचारलं होतं, तिथेही हेच दिसलं. म्हणजे तुमचा नवरा किंवा बायको कंजूष किंवा उधळी नाही. देणाऱ्याच्या जागी बसल्यावर तुम्हालाही तसंच वाटेल.

अशा वेळी "तसं नाही हो" एवढं म्हणून भागत नाही. त्यांनीच केलेलं एखादं स्वस्त आणि मनापासूनचं उदाहरण द्यावं लागतं. मी म्हणाले, "पहिल्या वर्षी मी तापाने पडले होते तेव्हा तुम्ही दुकानातून येताना कोथिंबीर-लिंबू आणून पातळ सुशीला केली होती, मुरमुरे पार लगदा झाले होते. ते मला साडीपेक्षा जास्त आठवतं." हे हसले. मग मी बोलले ते त्यांच्या कानात शिरलं. तुमच्याकडेही असं एक उदाहरण असेल. आधीच शोधून ठेवा, ऐनवेळी सुचत नाही.

उलटी बाजूही सांभाळा. हातात पैसे कमी असताना जोडीदाराने पाव किलो पेढे आणले, पण ते तुमच्या आवडीच्या दुकानातून, चार किलोमीटर वाट वाकडी करून, तर कागदावर त्याचे चारही रकाने भरतात. किंमत बघायची नाही असं म्हणायचं आणि स्वस्त मिळालं की तोंड पाडायचं, हे जमत नाही. स्वतःलाही हाच नियम लावा.

आता त्यांची बाजू

तीन वाक्यं झाली की गप्प बसा. ही पायरी कठीण आहे. मी बादली खाली ठेवली आणि बाजेच्या कडेला बसले. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला तर माझाच वाढदिवस माहीत नव्हता, तू येईपर्यंत."

ज्यांचं बालपण आपल्या खेड्यापाड्यांत गेलं त्यांना हे लगेच समजेल. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की मास्तर 1 जून लिहून टाकायचे, म्हणजे पोराचं वय शाळेच्या वर्षाला जुळायचं. आजही एखाद्या कार्यालयात पन्नाशीपुढच्या लोकांच्या तारखा पाहिल्या तर कितीतरी 1 जून सापडतात. यांच्या आधारकार्डावरही 1 जूनच आहे. मी लग्नानंतर सासूबाईंना खोदून विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "येळवशीच्या दुसऱ्या दिवशी झालाय ह्यो. रानातून आल्यावर रात्री पोटात दुखाया लागलं." म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, पौष शुद्ध प्रतिपदेला. तेव्हापासून मी दरवर्षी येळवस झाली की यांचा वाढदिवस करते. तारीख फिरते, कधी डिसेंबरात येते, कधी जानेवारीत, पण मला ती कधी शोधावी लागत नाही. शेतातून आणलेली उरलेली भज्जी आणि आंबील असते, त्यात एक गोड करायचं आणि ओवाळायचं.

मी हे सगळं करत होते आणि मला वाटत होतं की हे बघून यांना आपोआप कळेल. कसं कळणार? ज्या घरात चार भावंडांचा एकही वाढदिवस झाला नाही, तिथे वाढलेल्या माणसाला वाढदिवस म्हणजे दुसरा कोणी तरी तुमच्यासाठी करतो ती गोष्ट. आपण करायची गोष्ट म्हणून ती त्यांच्या हातात कधी आलीच नव्हती. त्या रात्री हे असंही म्हणाले की माझ्या त्या फ्रेमच्या वर्षी त्यांना आनंदापेक्षा धास्ती वाटली होती, की आता याची फेड कशी करायची. हे ऐकून मला धक्का बसला. माझ्या मेहनतीने समोरचा माणूस लहान होत होता.

हे कारण ऐकल्याने तुमचं दुःख खोटं ठरत नाही. पण मागणी काय करायची ते त्याने बदलतं. माहीत नसलेल्याला शिकवावं लागतं, विसरणाऱ्याला आठवणीची सोय लागते, आणि दमलेल्याला लहान काम द्यावं लागतं. तिघांना एकच औषध चालत नाही.

मागणी एकच, लहान, आणि आठवण त्यांच्याकडे

"जरा मनावर घ्या" ही मागणी नाही. "24 जूनला सकाळी दुकान उघडायच्या आधीचा अर्धा तास माझा" ही मागणी आहे. पेरणीच्या दिवसांत आमच्याकडे यापेक्षा जास्त वेळ मागणं खरं तर जमणारं नव्हतं. पाऊस पडला की शेतकरी थांबत नाही, आणि थांबूही नये. काही जोडपी तारीखच पुढे ढकलतात, आषाढातल्या एखाद्या रविवारी साजरी करतात. तेही चांगलं, फक्त नवी तारीख त्या दिवसाच्या आधी ठरलेली पाहिजे. नंतर ठरली तर ती भरपाई होते.

आठवण करून द्यायचं काम कोणाचं, हे इथेच ठरवून घ्या. "मी तुम्हाला आठ दिवस आधी सांगेन" असं तुम्ही म्हणालात तर सगळं जिथल्या तिथे राहिलं, कारण लक्षात ठेवणं हीच तर मोठी मेहनत होती. आठवण त्यांच्या रोजच्या वापरातल्या जागी ठेवा. कोणाचा मोबाइलचा अलार्म, कोणाची खतावणी. यांच्या दुकानात भिंतीवर एक दिनदर्शिका असते, तिच्यावर कोणत्या दिवशी कुठला माल येणार, कुठल्या कंपनीचा माणूस येणार हे लिहिलेलं असतं. ती हे दिवसातून पन्नास वेळा बघतात. मी म्हणाले, त्यावर तुम्हीच लिहा, तुमच्या हाताने, आणि 24 ला नको, 10 ला लिहा. 24 ला लिहिलं तर पुन्हा त्याच दिवशी आठवणार.

काय करायचं ते मी सांगितलं नाही. एवढी जागा मोकळी सोडा.

त्या वर्षी यांनी माझ्या आईला फोन करून विचारलं की लहानपणी हिला वाढदिवसाला काय लागायचं. आई म्हणाली, खव्याची पोळी. 23 तारखेला हे येताना अर्धा किलो खवा घेऊन आले आणि फ्रीजमध्ये मागे लपवला. पहाटे पाच वाजता मला स्वयंपाकघरातून वास आला. खवा मंद आचेवर परतावा लागतो, सारखं हलवत. यांनी गॅस मोठा ठेवला होता आणि तळाला लागला होता. सासूबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या, पण हात लावू दिला नाही यांनी. पोळ्या जाड झाल्या, दोन फुटल्या, आणि सारणाला करपलेला वास होता. साडेसहाला बाहेर शटर वाजवून माणसं हाका मारायला लागली तेव्हा यांच्या कोपराला पीठ होतं. खर्च पाहायला गेलं तर खव्याचेच पैसे. मी चारही रकाने भरले.

पुन्हा चुकलं तर

चुकेल. आमचं त्याच्या पुढच्या 12 मेला चुकलं. लग्नसराईत आपल्या लग्नाचा वाढदिवस नेमका दुसऱ्याच्या मांडवात जातो, आणि त्या दिवशी आम्ही एका चुलत नणंदेच्या लग्नात दिवसभर वाढपात होतो. यावेळी मी रात्रीपर्यंत थांबले नाही. चारच्या सुमाराला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "आज 12 तारीख आहे. मला आठवलं, तुम्हालाही आठवावं असं वाटलं." आणि पुढे काही नाही. एकदा मोठं बोलणं झालेलं असलं की नंतर लहान वाक्य पुरतं. जुना कागद पुन्हा उघडायचा नाही.

दोन गोष्टी करू नका. एक म्हणजे अबोला. अबोल्यातून समोरच्याला एवढंच कळतं की घरात वातावरण खराब आहे. का, ते कळत नाही. दुसरी म्हणजे "यंदा मीही काही करणार नाही, बघू कळतं का" अशी गुपचूप परीक्षा. यांच्यासारख्या माणसाला त्याने सुटल्यासारखंच वाटलं असतं. तुम्हाला कमी करायचं असेल तर उघड सांगून करा: "मी दरवर्षी एवढं करून थकते, यंदा साधं करू या." मी फ्रेमसारखे तीन आठवड्यांचे बेत आता करत नाही. यांची धास्ती गेली आणि माझं थकणंही. बरोबरी कधी एकाने वर येऊन होते, कधी दुसऱ्याने थोडं खाली उतरून.

बोलून उपयोग झाला का, हे पहिल्याच वाढदिवसाला ठरवू नका. त्याआधी काही खुणा दिसतात. माणूस एखादा प्रश्न विचारतो का, आईला, मैत्रिणीला, तुम्हाला? काही तरी लहान, चुकीचं का होईना, करून पाहतो का? चुकलं तर ओशाळतो का? या खुणा असतील तर शिकणं चालू आहे, दोन वर्षं द्या. माझ्या चुलत दिराने हेच बायकोला सांगितलं होतं, कारण तिच्या बाजूने काहीच होत नसे. तिने पहिल्या वर्षी त्याच्या नावडत्या चवीचा केक आणला. त्याने ती चूक म्हणून मोजली नाही, केक सांगायला ती स्वतः गेली हे मोजलं. मला ते फार आवडलं.

पण बोललेलं चारचौघांत चेष्टेवारी नेणं, "नाटकं करते" म्हणणं, वाढदिवसाचा विषय काढला म्हणून घरखर्चाचे पैसे अडवणं, अंगावर धावून येणं हे दिसलं तर हा लेख बाजूला ठेवा. तिथे मेहनतीच्या बरोबरीचा प्रश्न नाही, वागवण्याचा आहे, आणि वाक्यं सुधारून तो सुटत नाही. विश्वासातल्या माणसाला सांगा. बायकांसाठी 181 ही सरकारी हेल्पलाइन आहे, तिथे बोलता येतं.

आणि हे सगळं तुम्हालाच कोणी येऊन सांगितलं, तर "आधी का नाही सांगितलं" असं म्हणू नका. आधी "कुठल्या दिवशी?" असं विचारा, आणि मग ऐका.

परवा मी दुकानात डबा द्यायला गेले होते. हे गोदामात होते. भिंतीवरची दिनदर्शिका जूनवर उलटलेली होती. 8 तारखेला सोयाबीनच्या बियाण्याचं "फुले संगम, 200 बॅगा", 9 ला "डीएपी गाडी", आणि 10 च्या चौकोनात निळ्या पेनने, त्याच घाईच्या अक्षरात, "हिच्या आईला फोन".